खातं बंद केलंत तर

बँकेच्या प्रसिद्धी विभागात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत तिनं एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण कुणाचाही मजकूर हाती आला की ती हिरवा पेन काढायची आणि वाक्यांची अशी काही हजामत करायची, की लिहिणाऱ्याला आपण पुन्हा चौथीत बसलोय असं वाटायचं. लाल पेनानं माणसं दुखावतात म्हणून हिरवा, असं ती सांगे. दुखावायची ती हिरव्यानंही दुखावायचीच.

त्या सकाळी तिच्या टेबलावर नव्या बचत खात्याचं पोस्टर आलं. फोटो आधीच निवडून झाला होता: खिडकीशी बसलेलं एक कुटुंब, सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र, आणि एवढं हसण्यासारखं काय घडलंय ते त्यांनाच ठाऊक. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुमच्या बचतीला सात टक्के व्याज!’ त्या उद्गारचिन्हाच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी होती. पोस्टरच्या पार तळाशी तीच चांदणी पुन्हा दिसत होती आणि तिच्यापुढं मुंगीच्या पावलांची ओळ चाललेली होती: ‘अटी व शर्ती लागू.’

सोबत योजनासाहेबांचा निरोप होता. ‘बाई, फोटोखालची ओळ जरा चुरचुरीत करा. दुपारपर्यंत द्या.’

योजनासाहेब म्हणजे बँकेच्या नव्या योजना आखणारा माणूस. वयानं मास्तरणीपेक्षा बराच लहान, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. माणूस वाईट नव्हता. आजाऱ्याच्या घरी न सांगता गाडी पाठवणारा, पार्टीत सगळ्यात आधी गाणारा. फक्त आकडा दिसला की त्याला बाकीचं काही दिसत नसे.

मास्तरणीनं ओळ चुरचुरीत करायच्या आधी अटी मागवल्या. ही तिची जुनी खोड. लेखनिकानं सतरा पानांचा गठ्ठा आणून ठेवला. ती चहा थंड होईपर्यंत वाचत बसली आणि थंड झालेला चहा न पिताच उठून योजनासाहेबांच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, सात टक्के कुणाला?”

“सगळ्यांना.”

“इथं तर लिहिलंय, पहिल्या पन्नास हजारांवर तीनच टक्के. पन्नास हजारांच्या वर, दोन लाखांपर्यंत जेवढे असतील तेवढ्यांवरच सात. दोन लाखांपुढं परत तीन.”

“बरोबर आहे की.”

“आणि तेही पहिले सहा महिने. नंतर सगळ्यावर तीन.”

“बाई, उघडं आहे ते. सगळ्याच बँका असं करतात.”

“म्हणजे ज्याचे साठ हजार आहेत, त्याला सात टक्के फक्त वरच्या दहा हजारांवर. सगळं मिळून बघितलं तर त्याला पावणेचारसुद्धा पडत नाहीत. आणि आपण पोस्टरवर सांगतोय, तुमच्या बचतीला सात.”

योजनासाहेब हसले. “आपण खोटं कुठं बोलतोय? चांदणी आहे ना.”

“चांदण्या आकाशात शोभतात,” मास्तरीण म्हणाली आणि कागद घेऊन आपल्या जागेवर आली.

तिनं फोटोखालची ओळ चुरचुरीत केली नाही. सरळ केली. एका ओळीत मावेना म्हणून चार झाल्या. महिन्याची सरासरी शिल्लक दहा हजारांखाली गेली तर दीडशे कापले जाणार होते. तिनं तेही लिहिलं, आणि सरासरी म्हणजे काय तेही: रोज रात्री खात्यात जे उरतं त्याची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं. म्हणजे अर्धा महिना खडखडाट असला आणि अर्धा महिना वीस हजार असले, तरी चालतं. हे समजलं असतं तर कितीतरी लोकांनी दहा हजारांना हात लावायची धास्ती घेतली नसती.

मग ती चौदाव्या कलमापाशी आली आणि तिचा पेन थांबला.

कलम असं होतं: ‘खाते उघडल्याच्या दिनांकापासून एक वर्षाच्या आत ते बंद करण्यात आल्यास, वेळोवेळी अंमलात असलेल्या शुल्कपत्रकानुसार शुल्क आकारण्यात येईल.’

तिनं शुल्कपत्रक मागवलं. लेखनिकाला ते सापडेना. त्यानं दुसऱ्या मजल्यावर विचारलं, दुसऱ्या मजल्यानं तिसऱ्यावर पाठवलं, आणि शेवटी हिशेबखात्यातल्या एका गृहस्थांनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं, “पाचशे!”

मास्तरणीनं एका कागदावर आकडे मांडले. साठ हजारवाल्याला सहा महिन्यांत, बँकेच्या जुन्या साध्या खात्यापेक्षा जास्तीचे मिळणार दोनशे. सहा महिन्यांनी दर तीनवर आला की तो म्हणणार, आता यात काही राम राहिला नाही, बंद करा. की लगेच पाचशे कापले. दोनशे कमवायचे आणि पाचशे देऊन बाहेर पडायचं. आणि हे त्याला कळणार कधी? बाहेर पडताना.

तिनं चार ओळींखाली पाचवी लिहिली: ‘सहा महिन्यांनी व्याज तीन टक्क्यांवर येईल. तेव्हा किंवा वर्षाच्या आत कधीही खातं बंद केलंत, तर आम्ही पाचशे कापू.’

दुपारी मजकूर योजनासाहेबांकडं गेला आणि दहाव्या मिनिटाला ते स्वतः तिच्या टेबलापाशी उभे होते. नाकाला मिरच्या झोंबलेल्या.

“हे काय आहे?”

“फोटोखालच्या ओळी.”

“बाई, ही जाहिरात आहे. वैधानिक इशारा नाही! हे वाचून खातं कोण उघडेल?”

“ज्याला परवडतं तो.”

“पहिल्या चार एक वेळ चालतील. अक्षरं बारीक करू. पण ही पाचवी? ही काढा. ते कलमात आहे, तेवढं पुरे. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि उघडली की पाचशेची,” मास्तरीण म्हणाली.

शेजारच्या टेबलावरचा चित्रकार खोकल्याचं नाटक करत मान खाली घालून हसला. योजनासाहेबांचे कान लाल झाले. ते म्हणाले, “ठीक आहे. वकीलबाईंना विचारू.”

वकीलबाई म्हणजे बँकेच्या कायदा विभागाच्या प्रमुख. बाई बारीक अंगाच्या, चष्मा दोरीला बांधलेला, आणि आवाज असा की शांतपणे ‘बसा’ म्हणाल्या तरी समोरच्याला गुन्हा आठवावा. त्यांनी पाचही ओळी वाचल्या. योजनासाहेब आशेनं बघत होते.

“‘कापू’ चालणार नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “‘आकारण्यात येईल’ लिहा.”

“कोण आकारणार?” मास्तरणीनं विचारलं.

“बँक.”

“मग बँकेनं म्हणावं ना, ‘आम्ही कापू.’ ‘आकारण्यात येईल’ म्हणजे काय? भूत येऊन आकारणार? माणसाच्या खिशातून पैसे जातात, तेव्हा ते कुणी घेतले हे त्याला कळलं पाहिजे.”

“कायद्याची भाषा अशीच असते, मास्तरीणबाई.”

“कायद्याच्या सतरा पानांत ती राहू द्या. मी एका शब्दाला हात लावत नाही. मी फोटोखालच्या ओळींबद्दल बोलतेय. त्या कायद्याला वाचायच्या नाहीत, माणसाला वाचायच्या आहेत.”

वकीलबाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. “मग एक गोष्ट तुम्हीही राखून ठेवलीत. सहा महिन्यांनंतरचा तीनचा दर कायम नाही. तो आम्ही बदलू शकतो. तुमच्या ओळी वाचून माणूस समजेल, तीन म्हणजे जन्मभर तीन. उद्या अडीच झाला तर तो तुमच्याच ओळी घेऊन माझ्यापुढं येईल.”

मास्तरणीनं हिरवा पेन काढला आणि तिथंच लिहिलं, ‘तीनचा दर पुढं बदलू शकतो. बदलण्याआधी कळवू.’

“आधी म्हणजे किती आधी?” वकीलबाईंनी विचारलं.

दोघींनी योजनासाहेबांकडं पाहिलं. योजनासाहेबांनी छताकडं पाहिलं. ते कुणी ठरवलंच नव्हतं.

“‘योग्य वेळी’ लिहा,” ते म्हणाले.

“योग्य वेळ तर मुहूर्ताला असते,” मास्तरीण म्हणाली. “दराला तारीख लागते.”

एक महिना आधी, असं ठरलं. ठरलं म्हणजे वकीलबाई म्हणाल्या “एक महिना” आणि योजनासाहेब काही बोलायच्या आत त्यांनी ते टिपून घेतलं. पण पाचव्या ओळीबद्दल त्यांनी हात झटकले. “कलम पोटात आहे, ते कायदेशीर आहे. ते पोटातून ओठावर आणायचं की नाही, हा तुमचा दोघांचा प्रश्न.”

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बँकेचा नियम असा, की कुठलीही जाहिरात बाहेर पडण्याआधी तिच्यामागं तीन सह्या लागत: योजनेवाल्याची, कायदेवाल्याची आणि मजकूरवाल्याची. तिसऱ्या सहीवर छापलेलं होतं, ‘हा मजकूर व खात्याच्या अटी एकमेकांशी जुळतात.’ इतकी वर्षं लोक त्या वाक्याकडं न बघताच सही करत आले होते.

दुसऱ्या दिवशी योजनासाहेबांनी पाचवी ओळ उडवलेला मजकूर सहीसाठी पाठवला. मास्तरणीनं तो जसाच्या तसा परत पाठवला. त्यांनी पुन्हा पाठवला. तिनं पुन्हा परत केला, या वेळी छापलेल्या वाक्याखाली हिरवी रेघ मारून. बिचारा लेखनिक जिने चढून-उतरून घामाघूम झाला.

संध्याकाळी योजनासाहेब स्वतः आले. आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, तुमचं-माझं भांडण नाही. पण ऐका. आपण सात टक्के देतोय ते पदरमोड करून. दोन लाख टाकून सहा महिने बसणारा माणूस तीन हजार जास्तीचे खाऊन उठून जाईल, दुसऱ्या बँकेच्या दारात. असली फुलपाखरं थोपवायला काहीतरी नको? पाचशे म्हणजे कुंपण आहे, बाई. खड्डा नाही.”

हे खरं होतं, आणि मास्तरणीला ते पटलंही. म्हणूनच तिला जास्त राग आला.

“मग कुंपण आहे असं सांगा. कुंपण दिसतं, साहेब. जे गवतानं झाकलेलं असतं, त्याला खड्डाच म्हणतात. आणि तुमचं फुलपाखरू तीन हजार खाऊन पाचशे हसत हसत फेकेल. अडकणार कोण? ज्याचे पंचाहत्तर हजारांच्या आत आहेत तो. त्याला सहा महिन्यांत पाचशेसुद्धा जास्तीचे मिळत नाहीत. करा हिशेब.”

योजनासाहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. तो बरोबर आला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण ते म्हणाले, “सही करणारं दुसरं कुणी शोधावं लागेल मला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नका.”

“शोधा,” ती म्हणाली. “पण त्या माणसाला आधी ते छापलेलं वाक्य वाचून दाखवा.”

घरी गेली तेव्हा तिचा नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका खेळण्यातल्या मोटारीचं चाक बसवत होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि चौक, वळण, मागं घेणं वगैरे समजावून सांगायला त्याला ही खेळणी लागत. त्यानं बायकोचा चेहरा पाहिला आणि मोटार बाजूला ठेवली.

“आज कुणाला धडक दिलीस?”

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा पाय टेबलाखाली नकळत ब्रेक दाबत होता. ही त्याची सवय.

“अगं, एका ओळीसाठी नोकरी पणाला लावतेस?”

“अहो, ती एक ओळ काढायला ते माझी सही मागतायत. तुमचा शिकाऊ सिग्नल तोडतो, आणि त्याला परवाना मिळावा म्हणून तुम्ही ‘सिग्नल पाळतो’ असं लिहून द्याल?”

“मी नाही देणार. पण माझ्या डोक्यावर साहेब नाही.” त्यानं मोटार पुन्हा हातात घेतली. “नोकरी गेली तर माझ्याकडं ये. शिकवायला माणूस हवाच आहे.”

“तुमच्या शेजारी बसून? दोन दिवसांत घटस्फोट होईल.”

तो हसला, पण रात्री दिवा मालवल्यावर म्हणाला, “मला भीती वाटते, एवढंच. सही कर असं मी म्हटलेलं नाही.” तिलाही वाटतच होती.

सकाळी ती कार्यालयात न जाता थेट बाजारातल्या शाखेत गेली. तिथं काउंटरवर एक बाई होती, जिला लोक नुसतं ताई म्हणत. रोजची शंभर माणसं झेलून या ताईचा आवाज कायमचा बसलेला. मास्तरणीनं तिच्यापुढं दोन कागद ठेवले. एकावर चांदणीवाली ओळ, दुसऱ्यावर सरळ ओळी. रांगेतल्या लोकांना यातला एकेक कागद वाचायला द्यायचा आणि मग कागद काढून घेऊन विचारायचं: तुमचे साठ हजार असले तर व्याज किती? सहा महिन्यांनी काय होईल? खातं बंद केलं तर?

“विचारा की,” ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. “तेवढीच रांगेची करमणूक.”

दुपारपर्यंत मास्तरीण रांगेत फिरली. चांदणीवाला कागद वाचलेल्या जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, सात टक्के, कायमचे. एक निवृत्त मोजणीदार होता. त्यानं तळाची ओळ बरोबर पकडली, पण अटी कुठं वाचायच्या ते त्यालाही सांगता आलं नाही. सरळ ओळी वाचलेले अडखळत होते, काही चुकतही होते. एका शिंप्यानं सरासरीचा हिशेब साफ उलटा सांगितला. मास्तरणीनं ती ओळ तिथंच बदलली, पुन्हा बदलली, तिसऱ्यांदा वीस हजारांचं उदाहरण टाकलं तेव्हा कुठं ती लोकांच्या डोक्यात शिरली. पण पाचशेची ओळ एकानंही चुकवली नाही. ती वाचून एक बाई तर भडकलीच. “माझेच पैसे घेऊन जायला मी तुम्हाला पाचशे द्यायचे?”

“माझ्यावर काय ओरडता?” मास्तरीण म्हणाली. “म्हणूनच तर आधी सांगतेय.”

काउंटरमागून ताई म्हणाली, “आत्ता ओरडू द्या. नाहीतर सहा महिन्यांनी इथं येऊन माझ्यावर ओरडेल.”

त्या आठवड्यात पोस्टरची अखेरची बैठक होती. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, भिंतीवर ते हसरं कुटुंब भल्यामोठ्या आकारात. मध्ये बसल्या होत्या बँकेच्या प्रमुख. त्यांना माघारी सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. वेळ वाया घालवणारा माणूस त्यांना सहन होत नसे, आणि बहुतेक माणसं तशीच निघत.

योजनासाहेबांनी झकास बोलून दाखवलं. बाजार, स्पर्धा, किती खाती येतील, किती ठेवी येतील. शेवटी म्हणाले, “मजकुरावरची एक सही राहिलीय. किरकोळ आहे.”

“कुणाची?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“माझी,” मास्तरीण टेबलाच्या टोकाकडून म्हणाली. “आणि ती मी करणार नाही.”

ग्लास उचलणारा एक हात मधेच थांबला.

“कारण?”

“कारण तो मजकूर आणि अटी जुळत नाहीत, आणि जुळतात असं लिहून द्यायला मला सांगताहेत.”

“काय गाळलंय?”

मास्तरीण उठली. तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला आणि न बघताच बोलली, “सहा महिन्यांनी व्याज तीन टक्क्यांवर येईल. तेव्हा किंवा वर्षाच्या आत कधीही खातं बंद केलंत, तर आम्ही पाचशे कापू.”

हसऱ्या कुटुंबाखाली ते वाक्य फारच वाईट ऐकू आलं.

“हे आपल्या अटींत आहे?” मोठ्या बाईंनी वकीलबाईंना विचारलं.

“चौदावं कलम. भाषा वेगळी आहे, अर्थ हाच.”

“मी सही केलीय त्यावर?”

“केलीय.”

मोठ्या बाईंनी चौदावं कलम मागवून वाचलं. दोनदा वाचलं. मग योजनासाहेबांकडं वळून म्हणाल्या, “हे मी वाचलं होतं आणि मला काही खटकलं नव्हतं. आत्ता ऐकलं तर खटकतंय. का?”

“बाईंनी ते भडक केलंय, मॅडम.”

“मी एकही आकडा वाढवला नाही,” मास्तरीण म्हणाली. “रांगेतल्या माणसांना वाचायला दिलं होतं. चांदणीवाला कागद वाचून लोक समजतात, सात टक्के कायमचे. आणि साठ हजारवाल्याला सहा महिन्यांत जास्तीचे मिळतात दोनशे, बाहेर पडायला लागतात पाचशे. हे आपल्याला लाजिरवाणं वाटत असेल, तर ते करू नये. करायचंच असेल, तर सांगावं. करायचं पण सांगायचं नाही, याला माझी सही मिळणार नाही. बदली करा, घरी पाठवा.”

“घरी पाठवायचं मी बोलले का?” मोठ्या बाई जरा चिडून म्हणाल्या. मग त्यांनी वकीलबाईंना विचारलं, “ही ओळ छापली तर कायद्याची काही अडचण?”

“छापली तर नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “न छापली तर एक ना एक दिवस कुणीतरी मला कोर्टात विचारील, चांदणीच्या आकाराबद्दल.” आणि मग, मोठ्या कष्टानं, “‘कापू’सुद्धा चालेल.”

मोठ्या बाईंनी निर्णय दिला. तो कुणाच्याच मनासारखा नव्हता. “पाचवी ओळ राहील, बाकीच्या ओळींच्याच आकारात. ती काढायचा एकच मार्ग आहे: पाचशे काढा. आणि पाचशे काढायचे, तर ते पैसे कुठून भरून निघतील ते तुम्ही सांगायचं. उद्यापर्यंत.”

योजनासाहेबांनी ती रात्र कशी काढली ठाऊक नाही. पण म्हणतात, त्यांनी चित्रकाराकडून पाचव्या ओळीसकट एक पोस्टर छापून घेतलं आणि आपल्या केबिनच्या दारासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. सकाळी आलेल्या प्रत्येकाची नजर सगळ्यात आधी त्याच ओळीवर गेली. सातवर कुणाची जाईना. दुपारी ते मास्तरणीच्या टेबलापाशी आले.

“पाचशे गेले,” ते म्हणाले. “पण सातही गेले. साडेसहा झाले. आता खूश?”

“साडेसहा खरे आहेत ना?”

“खरे आहेत.”

“मग लिहिते.”

तिनं तेव्हाच लिहायला घेतलं. योजनासाहेब उभेच राहिले. जावं की नाही ते त्यांना सुचत नव्हतं. छापायला गेला तो मजकूर असा:

‘पहिल्या पन्नास हजारांवर तीन टक्के व्याज. त्यावरच्या रकमेवर, दोन लाखांपर्यंत, साडेसहा. दोन लाखांपुढं पुन्हा तीन.
साडेसहा फक्त पहिले सहा महिने. नंतर सगळ्यावर तीन. तो दर पुढं बदलू शकतो. बदलण्याआधी एक महिना कळवू.
महिन्याची सरासरी शिल्लक दहा हजार हवी. अर्धा महिना शून्य आणि अर्धा महिना वीस हजार असले, तरी चालेल. सरासरी कमी पडली, तर त्या महिन्याचे दीडशे कापू.
खातं कधीही बंद करा. त्याचे पैसे घेणार नाही.’

तिनं खाली सही केली. या वेळी लेखनिकाला जिने चढावे लागले नाहीत.

पोस्टरं लागली. खाती ठरवल्यापेक्षा कमी उघडली गेली, हे सांगितलंच पाहिजे. बाजारातल्या शाखेत एकदा मास्तरीण उभी असताना एका दुकानदारानं पोस्टर संपूर्ण वाचलं, बोटांवर हिशेब केला आणि ताईला म्हणाला, “माझे चाळीसच हजार असतात. मला यात काय आहे?”

“काही नाही,” ताई म्हणाली. “तुमचं जुनंच बरं.”

तो निघून गेला. योजनासाहेबांच्या हिशेबात ते एक गेलेलं गिऱ्हाईक होतं, आणि अशी बरीच गेली. त्यांनी ती महिनाअखेरीच्या बैठकीत मोजून दाखवली. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं, पोस्टर बदला असं म्हणाल्या नाहीत. पण मास्तरणीच्या बाजूनंही त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात मास्तरणीच्या बदलीचा आदेश आला. दूरच्या भांडार विभागात, जिथं जुनी रजिस्टरं आणि मोडक्या खुर्च्या ठेवत. आदेशावर एकच ओळ होती: ‘प्रशासकीय कारणास्तव आपली बदली करण्यात येत आहे.’

ती बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसली. शेजारचा चित्रकार काम सोडून तिच्याकडं बघत होता. नवऱ्याला फोन करावा असं तिच्या मनात आलं. तो म्हणाला असता, सावकाश घे. म्हणून तिनं फोन केला नाही. हिरवा पेन काढला, ‘प्रशासकीय कारणास्तव’खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं: ‘कोणतं कारण? कोण करत आहे? समजेल असं लिहून पाठवावं. मग लगेच रुजू होते.’

तिनं तो कागद स्वतः तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिला. बदल्यांचे आदेश काढणाऱ्या आस्थापनेच्या साहेबांनी तो वाचला, चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

“बाई, असं कुणी परत पाठवत नाही.”

“मी पाठवते. तुम्ही लिहा. ‘हिनं पाचशे कापणार असं छापायला लावलं म्हणून हिला हलवतो,’ एवढं एकच वाक्य. खाली तुमची सही. मी आजच जाते.”

त्यांनी पेन उचलला, कागदावर टेकवला, आणि मग खाली ठेवला. “बघतो,” ते म्हणाले. “योजनासाहेबांशी बोलतो.”

ते बोलले असतील. योजनासाहेब मोठ्या बाईंशी बोलले असतील, मोठ्या बाई वकीलबाईंशी. पण कारण लिहून त्याखाली सही करायला कुणी पुढं आलं नाही, आणि आदेश तिसऱ्या मजल्यावरच्या कुठल्यातरी फायलीत पडून राहिला. मास्तरीण आपल्या टेबलावरून हलली नाही. नव्या कर्जयोजनेचं पोस्टर आलं, तेव्हा तिनं आधी अटी मागवल्या.